ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग का रेंगाळतं? चार्जिंगचा आलेख वाचायला शिकू या

पुणे-सातारा रस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्जिंगला लावून मी चहा घेत होतो. शेजारच्या मशीनवर नवीकोरी गाडी लावलेले एक गृहस्थ अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते. त्यांनी एकदा चार्जिंग थांबवलं, गन काढली, पुन्हा घट्ट बसवली आणि चार्जिंग सुरू केलं. तरीही आकडा वाढेना, तेव्हा माझ्याकडे आले. "अहो दादा, या गनमध्ये काही दोष आहे का? मघाशी चाळीसच्या वर दाखवत होतं, आता सतरावर आलंय."

मी त्यांच्या स्क्रीनवर पाहिलं. बॅटरी ८४ टक्के भरली होती. "गन बरोबर आहे. तुमची गाडीच आता कमी मागतेय," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. साठ किलोवॅटचं मशीन म्हटल्यावर ते शेवटपर्यंत साठाने भरेल असंच कुणालाही वाटतं, आणि गाडी ताब्यात देताना ही गोष्ट नीट समजावून सांगणारा माणूस क्वचितच भेटतो.

हा लेख अशा नव्या चालकांसाठी आहे. चार्जिंग नेमकं कशामुळे मंदावतं ते आधी पाहू, मग स्वतःच्या गाडीचा आलेख कसा काढायचा ते, आणि शेवटी त्या आलेखाच्या आधारे मुंबई-कोल्हापूर प्रवासातला जवळजवळ अर्धा तास कसा वाचतो त्याचा हिशेब.

आधी दोन आकड्यांतला फरक

मशीनच्या स्क्रीनवर दोन आकडे असतात आणि नवा माणूस त्यांची गल्लत करतो. kW म्हणजे किलोवॅट, हा या क्षणाचा वेग. kWh म्हणजे घरच्या वीजबिलावरचं युनिट, हा आतापर्यंत भरलेला साठा. नळाची धार आणि बादलीतलं पाणी यांत जो फरक, तोच इथे. चाळीस किलोवॅटचा वेग तासभर टिकला तर चाळीस युनिट भरतील. पण तो तासभर टिकत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

बॅटरी जशी भरत जाते तसा हा वेग कसा बदलतो, ते दाखवणाऱ्या रेषेला चार्जिंग कर्व्ह म्हणतात. आडव्या बाजूला बॅटरीची टक्केवारी, उभ्या बाजूला किलोवॅट. बहुतेक गाड्यांत ही रेषा सुरुवातीला पठारासारखी सपाट असते, मग हळूहळू उतरते आणि ऐंशीच्या आसपास घाटाच्या उतारासारखी खाली येते.

वेग कोण ठरवतं?

फास्ट चार्जर गाडीत वीज ढकलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर गाडी मागते आणि चार्जर देतो. आपल्याकडच्या मोटारींत सर्रास असलेल्या सीसीएस-२ गनमधून वीज वाहते, तसंच दोघांचं संभाषणही चालू असतं. बॅटरीवर देखरेख करणारी गाडीतली यंत्रणा, म्हणजे बीएमएस, दर सेकंदाला अनेकदा सांगत असते की आता मला इतके अँपिअर दे. मशीनची ताकद त्यापेक्षा कमी असेल तर मशीन आपल्या ताकदीएवढं देतं. जास्त असेल, तर गाडी मागेल तेवढंच देतं. म्हणून गन बदलून, मशीन बदलून, अगदी दुप्पट ताकदीच्या मशीनवर जाऊनही ८४ टक्क्यांवरची गाडी सतरा किलोवॅट मागत असेल तर सतराच मिळणार.

गाडी कमी का मागते?

धान्याचं पोतं भरताना पाहिलं असेल. रिकाम्या पोत्यात पाटीच्या पाटी ओतता येते. पोतं तोंडाशी आलं की दाणे वर ढीग करून बसतात, खाली कोपऱ्यांत जागा असूनही. मग पोतं हलवायचं, आपटायचं, दाणे खाली बसू द्यायचे आणि उरलेलं ओंजळीने भरायचं. घाई केली तर दाणे जमिनीवर सांडतात.

लिथियम बॅटरीत असंच घडतं. चार्जिंग होताना लिथियमचे आयन एका बाजूच्या इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जातात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला पदार्थ. त्याचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि आयन त्या थरांच्या फटींत जाऊन बसतात. बॅटरी रिकामी असते तेव्हा फटी मोकळ्या असतात, आलेल्याला लगेच जागा मिळते. भरत आली की ग्रॅफाइटच्या कणांचा पृष्ठभाग आधी भरतो. नव्या आयनांना जागा व्हायची तर आधीच्यांनी आत सरकायला हवं, आणि हे सरकणं आपल्या घाईने होत नाही.

तरीही जोराने करंट दिला, तर आयन फटीत न शिरता ग्रॅफाइटच्या वरच लिथियम धातूचा थर बनून साचतात. हे सांडलेले दाणे. त्यातला काही भाग पुन्हा कधीच कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. हा थर सुईसारखा वाढत गेला तर दोन इलेक्ट्रोडमधला पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. बीएमएस करंट कमी करते ती हे टाळण्यासाठी.

दुसरी मर्यादा व्होल्टेजची. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते आणि प्रत्येक सेलला एक वरची सीमा असते. एलएफपी आणि एनएमसी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रचलित प्रकार. एलएफपी प्रकारच्या सेलला साधारण ३.६५ व्होल्ट, एनएमसी प्रकारच्या सेलला साधारण ४.२ व्होल्ट. ती ओलांडायची नाही. करंट वाहत असताना सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज प्रत्यक्षाहून थोडं चढलेलं दिसतं, आणि करंट जितका मोठा तितकं ते जास्त चढतं. म्हणून जोरात भरताना सेल त्या सीमेला लवकर टेकतो. टेकल्यावर एकच उपाय उरतो, तो म्हणजे व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरवत न्यायचा.

हे स्क्रीनवर डोळ्यांनी दिसतं. व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारं मशीन मिळालं तर जरूर पाहा. शंभर सेल ओळीने जोडलेला एलएफपी पॅक असेल, तर ३० टक्क्यांवर ३३५ व्होल्ट आणि १३४ अँपिअर असं काहीसं दिसेल. गुणाकार केला की सुमारे ४५ किलोवॅट. तोच पॅक ९२ टक्क्यांवर ३४६ व्होल्ट आणि २६ अँपिअरवर असेल, म्हणजे ९ किलोवॅट. व्होल्ट जेमतेम अकराने वाढले, अँपिअर मात्र पाचव्या हिश्शावर आले. चार्जिंग मंदावतं ते अँपिअरमुळे.

ऐंशीच का?

ऐंशी ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. करंट जितका मोठा, तितका उतार लवकर सुरू होतो. खूप ताकदीने भरणाऱ्या काही गाड्यांत वेगाचा कळस पहिल्या वीस-तीस टक्क्यांतच येतो आणि पन्नाशीनंतर उतरण लागते. उलट ऑडी ई-ट्रॉनसारखी गाडी कमाल वेगाने फार उंच जात नाही, पण आपलं पठार बरंच पुढपर्यंत टिकवण्यासाठी ओळखली गेली. त्या गाडीच्या बॅटरीचा बराच भाग चालकाला वापरायलाच दिलेला नाही, तो राखीव ठेवलेला आहे. त्यामुळे स्क्रीनवर ऐंशी दिसतं तेव्हा आतले सेल प्रत्यक्षात त्याहून रिकामे असतात.

घरच्या चार्जरवर हा उतार जवळजवळ जाणवत नाही, याचंही कारण हेच. ४० युनिटच्या बॅटरीला ७.२ किलोवॅट म्हणजे तिच्या आकाराच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेग. पोतं पहिल्यापासून ओंजळीनेच भरतोय, मग शेवटी वेगळं काय करायचं? अगदी शेवटच्या काही टक्क्यांपर्यंत घरचं चार्जिंग एकसारखं चालतं.

कंपन्या जाहिरातीत "१० ते ८० टक्के इतक्या मिनिटांत" असं लिहितात, ते या पठारापुरतं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण त्यावरून शंभर टक्क्यांचा वेळ काढू नका. दहा ते ऐंशीला पन्नास मिनिटं म्हणजे उरलेल्या वीसला चौदा, असं त्रैराशिक इथे लागू होत नाही.

आपल्या गाडीचा आलेख असा काढा

यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. एक वही किंवा फोन आणि एकदाच थोडी चिकाटी.

बॅटरी १५-२० टक्क्यांवर आलेली असताना, शक्यतो तासभर गाडी चालवून झाल्यावर, तुमच्या गाडीच्या कमाल वेगाइतक्या किंवा त्याहून मोठ्या ताकदीच्या मशीनवर जा. मशीनला दोन गन असतील तर दुसरी मोकळी आहे ना, ते पाहा. मागे कुणी ताटकळत असेल तर हा प्रयोग दुसऱ्या दिवशी करा, कारण यात तुम्हाला ऐंशीच्या पुढे थांबायचं आहे.

चार्जिंग सुरू झालं की पहिली दोन मिनिटं सोडून द्या, तेवढ्यात वेग स्थिरावतो. मग दर पाच टक्क्यांना तीन गोष्टी लिहा: टक्केवारी, किलोवॅट आणि घड्याळातली वेळ. एसी बंद ठेवा, कारण तो चालू असला तर मशीनवरच्या आकड्यातला थोडा भाग बॅटरीत न जाता एसीला जातो. ऐंशीनंतर दर दोन टक्क्यांना नोंद करा, कारण बदल तिथेच आहे. पंचाण्णवला थांबलात तरी चालेल.

घरी येऊन चौकटीच्या कागदावर ठिपके जोडले की तुमच्या गाडीचा आलेख तयार. पुढच्या हिशेबासाठी मी एक गाडी धरतो: वापरता येणारी बॅटरी ४० युनिटची, हायवेवर युनिटला साडेसहा किलोमीटर. तिची वही अशी असेल:

| टक्केवारी | सरासरी वेग | लागलेला वेळ |
|---|---|---|
| २० ते ५० | ४५ किलोवॅट | १६ मिनिटं |
| ५० ते ७० | ४० किलोवॅट | १२ मिनिटं |
| ७० ते ८० | ३२ किलोवॅट | साडेसात मिनिटं |
| ८० ते ९० | १८ किलोवॅट | १३ मिनिटं |
| ९० ते १०० | ७ किलोवॅट | ३४ मिनिटं |

वीस ते ऐंशी, म्हणजे २४ युनिट, भरायला साधारण ३६ मिनिटं लागली. ऐंशी ते शंभर, म्हणजे फक्त ८ युनिट, भरायला ४७. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण ठेवण अशीच असेल.

उतार नैसर्गिक आहे की काही बिघडलंय?

वेग कमी झाला की प्रत्येक वेळी ऐंशीच्या उताराचंच कारण असेल असं नाही. रेषेचा आकार पाहिला की ओळखता येतं.

टक्केवारी वाढते तसा वेग पायरीपायरीने उतरत असेल आणि उतरलेला पुन्हा वर येत नसेल, तर तो नैसर्गिक उतार. काही करायचं नाही.

वेग सुरुवातीपासूनच कमी आणि रेषा रुळासारखी सरळ असेल, तर मर्यादा मशीनची आहे. साठ किलोवॅटच्या मशीनवर दोन गाड्या लागल्या की अनेक ठिकाणी तीस-तीस अशी वाटणी होते. शेजारची गाडी निघाली की तुमचा आकडा उडी मारून वर गेला, तर हेच कारण होतं. एकटीच गाडी असून मशीन पंचवीसच्या वर जात नसेल आणि तुमची गाडी चाळीस टक्क्यांवर असेल, तर मात्र मशीनमध्ये बिघाड असण्याची शक्यता खरी. अशा वेळी गन बदलून पाहायला हरकत नाही.

वेग पन्नास-साठ टक्क्यांवरच कोसळला, मग थोडा चढला, पुन्हा उतरला, अशी करवतीच्या दातांसारखी रेषा आली तर उष्णतेकडे बोट दाखवा. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात सलग हायवेवर पळवलेली, दिवसातलं दुसरं-तिसरं फास्ट चार्जिंग घेणारी गाडी अशी वागते. बॅटरी थंड करणारा पंखा आणि पंप जोरात वाजत असतात, तेही ऐकू येतं. सावलीतलं मशीन निवडणं आणि पोहोचण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं गाडी शांतपणे चालवणं, एवढं आपल्या हातात असतं.

थंडीत उलट घडतं: वेग सुरुवातीलाच कमी असतो आणि बॅटरी तापत जाईल तसा वाढतो. थंड ग्रॅफाइटमध्ये आयन आणखी सावकाश सरकतात, म्हणून बीएमएस सुरुवातीपासून हात आखडता घेते. महाराष्ट्रात हा त्रास फारसा नाही, पण कॅनडात किंवा जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या हिवाळ्यातल्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच असतं. तिकडे बऱ्याच गाड्यांत चार्जरकडे जाताना बॅटरी आधीच तापवून ठेवायची सोय असते.

९९ वर पोहोचून गाडी तिथेच दहा-पंधरा मिनिटं रेंगाळली तरी घाबरू नका. पॅकमधले सगळे सेल एकाच पातळीवर आणायचं काम बऱ्याच गाड्या शेवटी करतात.

मुंबई ते कोल्हापूर: थांबा कुठे घ्यायचा?

आता वरच्या वहीचा उपयोग करू. मुंबई ते कोल्हापूर साधारण ३८० किलोमीटर. निघताना बॅटरी शंभर टक्के, आणि पोहोचल्यावर निदान दहा टक्के, म्हणजे ४ युनिट, शिल्लक हवेत. एक थांबा घ्यावाच लागणार.

बहुतेक नवे चालक पुण्यात थांबतात. १५० किलोमीटर झालेले असतात, ओळखीचं गाव असतं, मनाला धीर असतो. तोवर २३ युनिट खर्च होऊन बॅटरी ४२ टक्क्यांवर असते. पुढचे २३० किलोमीटर आणि राखीव साठा धरून ३९.४ युनिट लागणार, म्हणजे बॅटरी ९८ टक्क्यांपर्यंत भरायला हवी. वहीप्रमाणे ४२ ते ८० ला २४ मिनिटं, ८० ते ९० ला १३ आणि तिथून ९८ पर्यंत आणखी सुमारे २७. एकूण ६४ मिनिटं.

आता पुण्यात न थांबता पन्नास किलोमीटर पुढे शिरवळच्या आसपास थांबा. २०० किलोमीटर झाले, बॅटरी २३ टक्क्यांवर आली. पुढे उरले १८० किलोमीटर. त्यासाठी राखीव धरून ३१.७ युनिट पुरतात, म्हणजे ७९ टक्के. वहीप्रमाणे २३ ते ७९ ला लागतात साधारण ३३ मिनिटं.

दोन्हीकडे भरलेली वीज सारखीच आहे, साडेबावीस युनिट. गाडी तीच, मशीनची ताकद तीच, युनिटमागचा दरही सारखाच धरा. फक्त पहिल्या वेळी आपण आलेखाच्या उतारावर भरलं आणि दुसऱ्या वेळी पठारावर. अर्धा तास तिथे वाचला.

यातून प्रवास आखायची रीत अशी निघते: आधी शेवटच्या टप्प्याला किती टक्के लागतात ते काढा. ते ऐंशीच्या वर जात असतील तर थांबा पुढे सरकवा, आणि मशीनवर पंधरा ते पंचवीस टक्क्यांवर पोहोचाल असं ठिकाण शोधा. त्या मशीनच्या आधी किंवा पंधरा-वीस किलोमीटर पुढे दुसरं एखादं चालू मशीन आहे ना, हे निघण्यापूर्वी ॲपवर पाहून ठेवा. पर्याय नसेल तर तेवीस टक्क्यांची हिंमत करू नका. तिथे पुण्यात तासभर थांबणं हाच शहाणा निर्णय.

ऐंशीच्या पुढे कधी भरावं?

पुढे मशीनच नसेल तेव्हा बिनधास्त भरा. कोकणातल्या आतल्या गावी जायचं आहे, परतीचा घाटही त्याच चार्जवर चढायचा आहे, अशा वेळी ९५ पर्यंत थांबण्यात काही गैर नाही. जेवायला बसलाच असाल आणि मागे कुणी रांगेत नसेल, तरीही हरकत नाही. रांग असेल तर मात्र ऐंशीला उठा. तुम्ही शेवटच्या दहा टक्क्यांसाठी अर्धा तास बसता, तेव्हा मागच्याची वीस टक्क्यांवरची गाडी जवळजवळ ऐंशीला पोहोचली असती. शिवाय चार्जिंग संपल्यावर गाडी तिथेच ठेवली तर काही ठिकाणी मिनिटावर दंड लागतो.

घरच्या सावकाश चार्जिंगचा नियम वेगळा, आणि तो बॅटरीच्या प्रकारावर ठरतो. एनएमसी बॅटरी असेल तर रोजच्या वापराला ऐंशी-नव्वद पुरे आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री शंभर, असा सल्ला बऱ्याच कंपन्या देतात. एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पूर्ण पट्ट्यात जवळजवळ सारखं असतं. त्यामुळे नक्की किती टक्के उरलेत हे बीएमएसला व्होल्टेजवरून ओळखणं अवघड जातं, आणि अधूनमधून शंभरपर्यंत भरलं नाही तर दाखवलेली टक्केवारी भरकटू लागते. म्हणून टेस्लाने आपल्या एलएफपी गाड्यांसाठी आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगितलं आहे. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे आणि किती दिवसांनी पूर्ण भरायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा, किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

त्या हॉटेलातल्या गृहस्थांना साताऱ्यालाच जायचं होतं, जेमतेम तासाभराचा रस्ता. मी त्यांना दर पाच मिनिटांचे आकडे फोनमध्ये लिहायला सांगितले होते. ८६ टक्के, १६ किलोवॅट अशी पहिली नोंद झाली. दुसरी करायच्या आतच त्यांनी गन काढून जागेवर अडकवली आणि मागे उभ्या असलेल्या गाडीला हात करून पुढे बोलावलं.